राक्षस चालतील, रक्तमांस नको: मुलांसाठी मोबाइलवरचे गेम पारखण्याची एक पद्धत

भुसावळला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मागच्या उन्हाळ्यात मला एक अगदी नेमका प्रश्न विचारला. तिचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि परीक्षा संपताच तो यावल तालुक्यात, आजोळी जाणार होता. तिथे मामांचा मोबाइल त्याच्या हाती पडणार, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. ती म्हणाली, "ताई, गेममध्ये लढाई नकोच, असं माझं म्हणणं नाही. आजोबा रोज रात्री त्याला राम-रावणाचं युद्ध सांगतात आणि कुंभकर्ण कसा पडला हे तो उभा राहून करून दाखवतो. राक्षसाशी लढू दे, भुताला पळवू दे. पण माणसाला गोळी लागते आहे, रक्त उडते आहे आणि त्यावर गुण मिळताहेत, असं त्यानं खेळू नये."

या मागणीची अडचण अशी की ॲप दुकानातला वयाचा आकडा तिला थेट उत्तर देत नाही. 'लहान मुलांचे गेम' शोधावे, तर रंग भरण्याचे आणि कोडी सोडवण्याचे गेम समोर येतात आणि दहा वर्षांचा मुलगा ते दोन दिवसांत टाकून देतो. 'ॲक्शन' शोधावे, तर राक्षस आणि सैनिक एकाच रांगेत उभे दिसतात. म्हणून आम्ही दोघींनी एका दुपारी बसून त्याने मागितलेले सहा गेम एकेक करून तपासले. ती पद्धत आणि तिच्यातून निघालेले निर्णय येथे क्रमाने मांडते आहे.

आधी आपली रेषा शब्दांत मांडावी

'हिंसा नको' एवढे म्हणून भागत नाही, कारण बुद्धिबळातही प्यादे मारले जाते. त्या दुपारी रेषा आखण्याचे काम खरे तर मावशीने, म्हणजे मुलाच्या आजीने केले. आम्ही पडद्यावर एका गेमचे चित्रण पाहत होतो. तिने चष्मा वर करून अहिराणीत विचारले, "हाऊ खरा माणूस शे का रे?" आणि थोड्या वेळाने, समोरचा पडल्यावर, "मरी गया का?" या दोन प्रश्नांत आम्ही तिसरा घातला आणि तीच आमची कसोटी ठरली.

पहिला प्रश्न, मार कोणाला बसतो आहे? माणसाला, माणसासारख्या दिसणाऱ्याला, प्राण्याला, काल्पनिक जीवाला की निर्जीव वस्तूला? दुसरा प्रश्न, मार बसल्यावर आणि पडल्यावर काय दिसते? तो धुरासारखा विरतो, बेशुद्ध होतो, पळून जातो, की शरीर तिथेच पडून राहते, जखम दिसते, अवयव तुटतो? तिसरा प्रश्न, हे सगळे खऱ्या जगासारखे किती दिसते? हत्यार खऱ्या बंदुकीचे आहे की शाईची पिचकारी आहे, किंकाळी माणसाची आहे की 'पॉप' असा आवाज आहे, आणि कॅमेरा लांब आहे की मारणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी आहे?

तिन्ही प्रश्नांना सारखे वजन नाही. माझ्या बहिणीसाठी पहिल्याचे उत्तर 'माणूस' आणि तिसऱ्याचे 'खऱ्यासारखे' आले, की दुसरा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. उलट, समोर काल्पनिक जीव असेल, तर सगळा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर येऊन ठरतो, कारण राक्षसाचेही तुकडे तपशीलवार दाखवता येतात. तुमच्या घरी हा क्रम वेगळा असू शकतो. खानदेशात शाकाहारी आणि माळकरी घरे पुष्कळ आहेत. अशा एका घरात गेममधल्या कोंबडीला मारून मांस मिळवणे हीच पहिली हरकत होती आणि राक्षसांबद्दल काहीच म्हणणे नव्हते. ती रेषाही तितकीच खरी आहे. फक्त ती आधी बोलून ठरलेली असावी.

मग ॲप दुकानातली पाटी नीट वाचावी

प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली `Rated for 7+`, `Rated for 12+` असे काहीतरी लिहिलेले असते. आपल्याकडे व्हिडिओ गेमना वयाचे दर्जे देणारी स्वतंत्र सरकारी व्यवस्था नाही. त्यामुळे येथे दिसणारे ३, ७, १२, १६ आणि १८ हे टप्पे 'आयएआरसी' नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात. या पद्धतीत गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते आणि तिच्या उत्तरांवरून दर्जा आपोआप तयार होतो. म्हणजेच बहुतेक वेळा कोणी तटस्थ माणूस तो गेम आधी खेळून पाहत नाही. त्रयस्थ परीक्षकाने दिलेला शेरा म्हणून ही पाटी वाचू नये. ती कंपनीने स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे.

आकड्यापेक्षा त्याच्याजवळचे शब्द अधिक उपयोगी असतात. दर्जाशेजारच्या छोट्या `i` खुणेवर बोट ठेवले की `Mild Violence`, `Moderate Violence`, `Strong Violence` असे वर्णन दिसते. हे शब्द हिंसा किती तीव्र आहे ते सांगतात. ती माणसावर आहे की राक्षसावर, हे मात्र सांगत नाहीत. घरात आयपॅड किंवा आयफोन असेल तर तिथली पाटी आपल्या कामाची अधिक आहे, कारण ॲपलच्या दुकानात `Cartoon or Fantasy Violence` आणि `Realistic Violence` ही दोन वर्णने वेगवेगळी दिली जातात. माझ्या बहिणीची रेषा जवळजवळ याच दोन शब्दांच्या मधून जाते. खेळायचे अँड्रॉइडवर असले तरी आयफोनवाल्या शेजाऱ्याकडे तोच गेम उघडून ती ओळ वाचून यावी.

संगणकावर आणि कन्सोलवर निघालेल्या मोठ्या गेमसाठी अमेरिकेची 'ईएसआरबी' आणि युरोपची 'पेगी' या संस्थांच्या संकेतस्थळांवर नाव टाकून शोधता येते. पेगीच्या १२ या दर्जाची व्याख्या आपल्यासाठी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. काल्पनिक पात्रांवरची हिंसा थोडी अधिक ठळक असली, किंवा माणसासारख्या पात्रांवरची हिंसा खऱ्यासारखी नसली, तरी ती या दर्जात बसते. हिंसा प्रत्यक्षात दिसावी तशी दिसू लागली की दर्जा १६ वर जातो. म्हणजे आपली रेषा बहुधा १२ या दर्जाच्या आतच कुठेतरी असते आणि तिथे तो आकडा आपल्याला सोडून देतो.

ईएसआरबीच्या शब्दांत एक फसगत आहे. `Fantasy Violence` या वर्णनाचा अर्थ 'माणसे नाहीत' असा होत नाही. माणसे असली, पण प्रसंग वास्तवापासून सहज वेगळा ओळखू येत असला, तरी हेच वर्णन लावले जाते. `Animated Blood` म्हणजे रंग बदललेले किंवा खऱ्यासारखे न दिसणारे रक्त. `Blood and Gore` म्हणजे रक्त किंवा अवयवांची छिन्नविच्छिन्नता. हे शेवटचे वर्णन दिसले की थांबून पुढची पायरी नक्की करावी. केवळ आकडा पाहून काय होते, याचे एक उदाहरण देते. 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'अमंग अस' या दोन्ही गेमना ईएसआरबीने दहा वर्षांवरील मुलांचा एकच दर्जा दिला आहे. पहिल्यात तलवारीने मारलेला राक्षस काळा पडून धुरात विरतो. दुसऱ्यात काय दिसते, ते पुढे येईलच.

तिसरे काम: पडण्याचा क्षण स्वतः पाहणे

या पायरीला पर्याय नाही आणि तिला वेळही फार लागत नाही. एका गेमला वीस मिनिटे पुरतात. प्ले स्टोअरवरची जाहिरातीची चित्रे आणि चित्रफीत पाहून निर्णय घेऊ नये, कारण ती विक्रीसाठी निवडलेली असतात. त्याऐवजी यूट्यूबवर गेमच्या नावापुढे `gameplay no commentary` लिहून शोधावे. बोलणारा नसल्यामुळे गेमचे मूळ आवाज ऐकू येतात. चित्रण सुरुवातीचे पाच मिनिटे, मधले पाच आणि शेवटच्या मोठ्या लढाईचे पाच मिनिटे पाहावे. पहिल्या टप्प्यात बहुतेक गेम शिकवण्याच्या भूमिकेत आणि सौम्य असतात. खरा चेहरा शेवटच्या शत्रूपाशी दिसतो.

त्यानंतर नावापुढे `death animation` किंवा `kill animation` लिहून आणखी एकदा शोधावे. एखाद्या गेममध्ये मरणाची दृश्ये खास रंगवलेली असतील, तर कोणीतरी ती एकत्र करून ठेवलेली असतातच, आणि अशी संकलने भरपूर सापडणे हीच एक खूण आहे. हे शोध मुलाच्या समोर करू नयेत. शेवटी हेडफोन लावून दोन मिनिटे डोळे मिटून फक्त ऐकावे. पडद्यावर सगळे कार्टूनसारखे असताना आवाज मात्र माणसाच्या वेदनेचा असतो, असे अनेकदा आढळते, आणि मोबाइलचा आवाज बंद ठेवून पाहणाऱ्या पालकाच्या ते कधीच लक्षात येत नाही.

सहा गेम आणि आमचे निर्णय

भाच्याच्या यादीत सर्वांत वर होता बीजीएमआय, म्हणजे 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा गोळीबाराचा गेम. २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आल्यानंतर २०२१ मध्ये हा गेम भारतासाठी वेगळा काढण्यात आला. त्याच्या बाजूने भाच्याने एक मुद्दा फार आत्मविश्वासाने मांडला, "मावशी, यात रक्त हिरवं आहे." ते खरेच आहे. गोळी लागल्यावर लाल रक्त दिसत नाही आणि 'किल' ऐवजी 'फिनिश' असा शब्द वापरलेला आहे. आम्ही त्याच्यासोबत तीन प्रश्न लावले. मार कोणाला बसतो? माणसाला. हत्यार, कपडे, चालणे, मैदान हे सगळे कसे आहे? जितके खऱ्यासारखे करता येईल तितके. गोळी लागलेला सोबती हाता-गुडघ्यांवर रांगत मदत मागतो आणि शेवटी त्याच्या जागी सामानाची पेटी राहते. मृतदेह पडून राहत नाही, एवढीच सूट. रंग बदलल्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सौम्य होते, पहिल्याचे आणि तिसऱ्याचे नाही. माझ्या बहिणीची हरकत केवळ लाल रंगाला नव्हती, म्हणून हा गेम बाद झाला. ज्या पालकांची हरकत फक्त रक्ताला आहे, त्यांचा निर्णय येथे वेगळा येऊ शकेल. पण तो हिरव्या रंगाकडे पाहून नव्हे, तिन्ही उत्तरे समोर ठेवून घ्यावा.

दुसरा 'अमंग अस'. रंगीत, गुबगुबीत, बिनचेहऱ्याचे अंतराळवीर यानात कामे करतात आणि त्यांच्यातला एक जण लपलेला घातकी असतो. शाळेच्या दप्तरांवर आणि केकवर ही चित्रे आम्ही इतकी पाहिली होती की हा गेम तपासायची गरजच नाही, असे बहिणीला वाटले. पण ज्याला मारले जाते त्याच्या पडद्यावर क्षणभर मोठे दृश्य येते. कधी मान मुरगळली जाते, कधी पाठीत सुरा खुपसला जातो, कधी गोळी झाडली जाते. नंतर यानात जे प्रेत सापडते, ते कमरेपासून खालचे अर्धे शरीर असते आणि त्यातून पांढरे हाड वर आलेले असते. सगळे बटाट्याच्या आकाराचे आणि दोन सेकंदांचे आहे, पण मरणाचा क्षण मुद्दाम रंगवलेला आहे. चित्राचा गोडवा आणि हिंसेचे प्रमाण यांचा परस्परांशी संबंध नाही, हे मला या गेमने सर्वांत नीट दाखवले. बहिणीने हाही नाकारला आणि सहांपैकी सर्वांत जास्त वाद याच निर्णयावरून झाला.

'प्लँट्स व्हर्सेस झोम्बीज' मध्ये अंगणातली झाडे चालत्या मुडद्यांवर वाटाणे फेकतात. येथे रक्त उडत नाही. पण झोम्बीला पुरेसे वाटाणे लागले की त्याचा एक हात गळून पडतो, आणि शेवटी डोके. हरलात तर `THE ZOMBIES ATE YOUR BRAINS!` असे अक्षर आणि एक किंकाळी येते. अवयव तुटणे ही आमच्या दुसऱ्या प्रश्नातली गोष्ट होती, त्यामुळे नियमाप्रमाणे हा बाद व्हायला हवा होता. आजीने तो पाहिला, हसली आणि म्हणाली, "हाऊ ते पहिलेच मरेल शे." तिचे म्हणणे असे की हा आधीच मेलेला आहे आणि हात गळतो तो लाकडी बाहुलीचा गळावा तसा, त्यात वेदना दिसत नाही. आम्ही तिघींनी पुन्हा पाहिले आणि ते पटले. हा गेम स्वीकारला आणि 'अवयव तुटणे' हा नियम 'वेदना किंवा जखम दिसेल असे अवयव तुटणे' असा दुरुस्त केला. पद्धत वापरताना रेषा एकदोनदा अशी सरकते. ती सरकली की पुन्हा शब्दांत मांडून ठेवावी, नाहीतर पुढच्या गेमला मूल तीच पळवाट दाखवते.

'शॅडो फाइट २' हा आमच्यासाठी सर्वांत अवघड ठरला. सगळे योद्धे काळ्या सावल्यांसारखे आहेत, चेहरा नाही, रक्त नाही. पण सावली माणसाची आहे, हातापायांची हालचाल खऱ्या माणसासारखी घोटलेली आहे आणि तलवार शरीराला लागते तेव्हा तो आघात जाणवतो. येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'अर्धा माणूस' असे येते. मल्लखांब आणि कुस्ती शिकणाऱ्या मुलाला हा गेम द्वंद्वासारखा वाटेल, हे मला मान्य आहे, आणि निर्णय माझ्याकडे असता तर मी कदाचित होकार दिला असता. बहिणीने मात्र हत्यारांमुळे तो तेरा वर्षांचा होईपर्यंत थांबवला. घर तिचे आहे.

'टेरारिया' मध्ये जमीन खणायची, घर बांधायचे आणि विचित्र प्राण्यांशी लढायचे असते. ईएसआरबीच्या पाटीवर याला `Blood and Gore` हे वर्णन आहे, आणि ते पाहताच आम्ही तो जवळजवळ काढून टाकला होता. चित्रण पाहिल्यावर कळले की शत्रू मेल्यावर त्याचे लहान लहान ठिपक्यांचे तुकडे उडतात आणि लाल थेंब पडतात. पण या गेमच्या संगणकावरच्या आवृत्तीत सेटिंगमध्ये `Blood and Gore` नावाचेच बटण आहे. ते बंद केले की तुकडेही जातात आणि थेंबही. असे बटण असलेला गेम ते बटण बंद करून पुन्हा तपासावा आणि मगच निर्णय घ्यावा. घरी भावाचा संगणक होता, म्हणून हा स्वीकारला. मात्र बटण पहिल्या दिवशी मोठ्या माणसाने स्वतः बंद करावे आणि महिन्याभराने ते बंदच आहे ना, ते पाहावे.

शेवटचा 'मायनक्राफ्ट', आणि उन्हाळाभर खरा खेळला गेला तो हाच. सगळे जग ठोकळ्यांचे आहे. रात्री झोम्बी, हाडांचे सापळे आणि स्फोट होणारे हिरवे 'क्रीपर' येतात. मार बसलेला जीव क्षणभर लाल होतो, आडवा पडतो आणि पांढऱ्या धुराची फुंकर सोडून नाहीसा होतो. मागे एखादी वस्तू राहते. ही लढाई आमच्या रेषेच्या पूर्ण आत बसते. तरीही तीन गोष्टी जुळवून घ्याव्या लागल्या. जगाची काठिण्यपातळी `Peaceful` ठेवली की शत्रू येतच नाहीत. भाच्याला लढायचे असल्यामुळे आम्ही ती `Easy` ठेवली, पण धाकट्या बहिणीसाठी वेगळे शांत जग काढून दिले. दुसरे, मोबाइलवरच्या आवृत्तीत जगाच्या सेटिंगमध्ये `Friendly Fire` हे बटण असते. ते बंद केले की खेळणारी भावंडे एकमेकांना मारू शकत नाहीत. तिसरे, गेममधल्या गावात राहणारे गावकरी माणसासारखे आहेत आणि त्यांना मारण्यापासून खेळाडूला कोणतेही बटण अडवत नाही. तिथे नियम घरातूनच द्यावा लागतो. भाच्याने तो मोडला, तेव्हा गावाच्या लोखंडी राखणदाराने त्यालाच बडवून काढले आणि पुन्हा त्याने प्रयत्न केला नाही.

यादीबाहेरचे काही गेम आम्ही याच कसोटीवर घासून पाहिले. 'ब्लून्स टीडी ६' मध्ये माकडे फक्त फुगे फोडतात, त्यामुळे तिथे प्रश्नच उरत नाही. पोकेमॉनच्या गेममध्ये हरलेला जीव मरत नाही, शक्ती संपून माघार घेतो. निन्टेन्डोचा कन्सोल असलेल्या घरात 'स्प्लॅटून' हा गोळीबाराच्या गेमला उत्तम पर्याय आहे, कारण त्यातल्या बंदुका शाई उडवतात आणि जिंकायचे असते ते अधिक जमीन रंगवून. 'रोब्लॉक्स' हा एक गेम नसून लाखो गेमचा बाजार आहे, म्हणून त्याला एकच होकार किंवा नकार देऊ नये. त्यातल्या गेमना `Minimal`, `Mild`, `Moderate` आणि `Restricted` असे शिक्के असतात आणि पालकाला वरची मर्यादा ठरवता येते. मात्र खऱ्यासारखे न दिसणारे रक्त `Mild` मध्येही भरपूर असू शकते, त्यामुळे रक्ताला हरकत असलेल्या पालकाने `Minimal` पासून सुरुवात करावी.

मोबाइलला कुलूप लावणे आणि त्या कुलपाच्या मर्यादा

निर्णय झाल्यावर मामांच्या मोबाइलवर प्ले स्टोअर उघडले, उजवीकडे वर असलेल्या गोल चित्रावर बोट ठेवले आणि `Settings`, मग `Family`, मग `Parental controls` या वाटेने गेलो. तिथे बटण चालू करून चार आकडी पिन ठरवला आणि `Apps & games` मध्ये ७+ ही मर्यादा निवडली. पिन मुलाची जन्मतारीख नसावा आणि तो मामांनाही माहीत असावा, नाहीतर त्यांनाच स्वतःची ॲप घेता येत नाहीत आणि ते वैतागून कुलूप काढून टाकतात. आपण पास केलेला एखादा गेम या मर्यादेत अडला, तर मर्यादा सैल करून आपण तो स्वतः घ्यावा आणि मर्यादा पुन्हा लावावी.

हे कुलूप फक्त प्ले स्टोअरच्या दारावर असते. आधीपासून मोबाइलमध्ये असलेले गेम ते हटवत नाही. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेली किंवा ब्राउझरमधून उतरवलेली एपीके, म्हणजे ॲप दुकानाबाहेरून थेट बसवणारी फाइल त्याला दिसतच नाही. त्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये `Install unknown apps` असे शोधावे आणि यादीतल्या व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स यांच्यासमोरची परवानगी बंद आहे ना, ते पाहावे. मामांच्या मोबाइलवर क्रोमला ती दिलेली निघाली, आणि कोणी केव्हा दिली हे कोणालाच आठवेना.

त्याहून मोठे भगदाड जाहिरातींचे आहे. मी स्वतः हे अनुभवले आहे. माझ्या मोबाइलवर भाची गोट्या जुळवण्याचा एक निरुपद्रवी फुकट गेम खेळत होती. एक डाव संपला आणि अर्ध्या मिनिटाची जाहिरात सुरू झाली, तिच्यात दुर्बिणीच्या बंदुकीतून एका माणसाच्या डोक्याचा नेम धरला होता. जाहिरात बंद करण्याची खूण कोपऱ्यात यायला वेळ लागतो, तोवर ते पाहावेच लागते. त्या गेममध्ये स्वतःची हिंसा शून्य होती. म्हणून प्ले स्टोअरवर नावाखाली `Contains ads` असे लिहिले आहे का, ते हिंसेच्या पाटीइतकेच काळजीने पाहावे. इंटरनेटशिवाय चालणारा गेम असेल, तर सुरू करण्यापूर्वी मोबाइल विमान मोडवर टाकावा. आम्ही 'प्लँट्स व्हर्सेस झोम्बीज' असाच चालवला. नाहीतर एकदाच पैसे देऊन घेण्याचा, बिनजाहिरातीचा गेम घ्यावा. मायनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो म्हणून मेव्हणे आधी नाखूश होते. पण जाहिराती नसणे हीसुद्धा त्या पैशांत मिळणारी गोष्ट आहे, हे त्यांना या प्रसंगानंतर पटले.

ऑनलाइन इतरांसोबत खेळताना तपासलेला गेम तोच राहीलच, असे नाही. मायनक्राफ्टमध्ये बाहेरून जोडता येणाऱ्या भागांनी रक्त आणि बंदुका आणता येतात, आणि अनोळखी सर्व्हरवर खेळाडूंनी एकमेकांना मारणे हाच खेळ असू शकतो. म्हणून आम्ही फक्त घरच्या वायफायवर, चुलत-मामे भावंडांपुरते जग उघडे ठेवले.

आजोळी आणि नंतर

मुलाला यादी देताना फक्त 'हे नको' असे न सांगता तीन प्रश्नच दिले, हे चांगले झाले. दुसऱ्या आठवड्यात त्याने यावलहून फोन करून एका नव्या गेमबद्दल विचारले आणि स्वतःच सांगितले की मार सांगाड्यांना बसतो, पडल्यावर हाडे विखुरतात, पण बंदूक खरी दिसते. अशा वेळी लगेच होकार किंवा नकार देऊ नये. संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घ्यावा आणि वीस मिनिटांची तपासणी करूनच उत्तर द्यावे. त्या गेममध्ये पाचव्या टप्प्यानंतर शत्रू म्हणून माणसे येऊ लागतात, हे शेवटचे चित्रण पाहिल्यावरच कळले.

मोठ्या मामेभावाच्या हातात बीजीएमआय असणारच होता. त्याला खेळू नको म्हणण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. त्याला एवढेच सांगितले की भाचा शेजारी बसला असताना खेळू नये, आणि त्याने ते ओट्यावर बसून खेळायचे सोडून माडीवर खेळायला सुरुवात केली. पूर्ण पाळले गेले असे नाही, पण बरेचसे पाळले गेले.

दर तीन-चार महिन्यांनी एकदा, विशेषतः गेमचे मोठे अपडेट आल्यावर, पास केलेल्या गेमचे ताजे चित्रण पुन्हा पाहावे. सणावारांच्या खास आवृत्त्यांत नवी हत्यारे, नवे शत्रू आणि इतर गेमची पात्रे आणली जातात, आणि प्ले स्टोअरवरची पाटी मात्र तीच राहू शकते. तपासल्याची तारीख गेमच्या नावापुढे वहीत लिहून ठेवावी. बहिणीच्या वहीत मायनक्राफ्टपुढे आता दोन तारखा आहेत आणि 'शॅडो फाइट २' पुढे मुलाच्या तेराव्या वाढदिवसाची.